मोठं आतडं काढायचं, पण कधी?

पोटाचा साधा एक्स-रे. कमरेची हाडं, मणके, वायूचे काळे पट्टे आणि त्यांवर विखुरलेल्या बारीक पांढऱ्या रिंगा. पाच दिवसांपूर्वी एका कॅप्सूलमधून अशा २४ रिंगा गिळायला दिल्या होत्या. या रिंगा पचत नाहीत, विरघळत नाहीत, शौचावाटे जशाच्या तशा बाहेर पडतात. पाचव्या दिवशी पोटात पाचच्या वर रिंगा उरल्या तर आतड्याची चाल मंद आहे, असं साधारण गणित. या फिल्मवर २१ दिसताहेत. काही उजव्या बाजूला, काही बरगड्यांखाली आडव्या ओळीत, बाकीच्या डावीकडे.

ही फिल्म आपण एका काल्पनिक रुग्णाची मानू, कारण तिच्यासारख्या बायकांची कथा बरीचशी एकाच वळणाने जाते. ३४ वर्षांची शिक्षिका. शाळेत असल्यापासून चार-चार दिवस शौचाला होत नसे, आता आठ-दहा दिवस जातात. कळच येत नाही. पोटात गुबारा धरतो, साडीची निरी संध्याकाळी सैल करावी लागते. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, सोनामुखी, पातळ औषधांच्या बाटल्या, गोळ्या, एनिमा. सगळं करून झालं. आता कुणीतरी सांगितलंय, की मोठं आतडंच काढून टाकण्याचं एक ऑपरेशन असतं. ती फाइल घेऊन तेच विचारायला आली आहे.

ऑपरेशन खरोखरच असतं. पण सगळी औषधं हरली, एवढ्या एका कारणाने ते करायचं नसतं.

आधी दुखण्याचं स्वरूप पाहू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. लहान आतड्यातून त्याच्यात रोज एक ते दीड लिटर पातळ माल येतो. त्यातलं बहुतेक पाणी शोषून घ्यायचं आणि उरलेलं पुढे सरकवायचं, हे त्याचं काम. त्याच्या बहुतेक हालचाली जागच्या जागी घुसळण्याच्या असतात. मल लांबवर ढकलणारी मोठी लाट दिवसातून थोड्याच वेळा येते, विशेषतः जाग आल्यावर आणि खाल्ल्यानंतर. सकाळचा चहा पोटात गेला की कळ येते ती याच लाटेमुळे. मंदगती बद्धकोष्ठात या लाटा फार कमी होतात किंवा जवळजवळ येतच नाहीत. अशा रुग्णांची काढलेली आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा आतड्याच्या हालचालीचा ताल धरणाऱ्या काहाल पेशी त्यांत कमी आढळल्या. पेशी कमी म्हणून आतडं मंद, की आतडं वर्षानुवर्षं मंद राहिलं म्हणून पेशी कमी, याचा निकाल अजून लागलेला नाही.

हा आजार बहुतांशी तरुण बायकांचा. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स या डॉक्टरांनी १९८६ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. आतडं तपासून पाहिलं तर दिसायला सर्वसाधारण, अडथळा कुठेच नाही, पण मल पुढे जात नाही. अनेकींचा त्रास वयात येण्याच्या सुमारास सुरू झालेला होता.

अशा बाईला जो तो सांगतो, की कोंडा खा, सॅलड खा, इसबगोल वाढव. साध्या बद्धकोष्ठात हा सल्ला बरोबर आहे. इथे मात्र तो उलटा पडतो. पुढे न सरकणाऱ्या आतड्यात आणखी ऐवज भरला, की पोट आणखी फुगतं. ‘तू भाज्याच खात नसशील’ हे सासरचं वाक्य तिने कितीदा ऐकलं असेल, कोण जाणे. भाज्या खाऊन तिचं पोट जास्त दुखतं, हे कुणाला पटत नाही.

तर, फाइल. ती जाड असते, पण जाड फाइल म्हणजे पुरे उपचार झाले असं नाही. अनुभवी डॉक्टर ती उघडून औषधांची नावं वाचत नाही, मात्रा आणि मुदत वाचतो. पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर, म्हणजे पाणी धरून ठेवणारं रेचक, रोज एक पाकीट पाण्यातून घ्यायची आणि गरजेप्रमाणे वाढवायची. हिने ती चार दिवस घेतली, फरक नाही म्हणून सोडली. बायसाकोडिल किंवा सोनामुखीची गोळी आतड्याला ढोसून हलवते. ती हिने ‘सवय लागेल’ या धास्तीने महिन्यातून एकदा घेतली. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर काळपट पडतं हे खरं, पण तो नुसता रंग आहे, त्याने अपाय होत नाही. नेहमीच्या मात्रेत या गोळ्यांनी आतड्याच्या नसा मरतात, याला भक्कम पुरावा नाही. त्यानंतर येतं प्रुकॅलोप्राइड, थेट आतड्याची हालचाल वाढवणारं औषध. मोठ्या माणसाला दिवसाला २ मिलिग्रॅम. पहिल्या एक-दोन दिवसांत डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. खरं तर चार आठवडे घेऊनच त्याचा निकाल लावायचा असतो. ल्युबिप्रोस्टोन आणि लिनॅक्लोटाइड ही आतड्यात पाणी सोडणारी औषधं, त्यांनाही तेवढीच संधी द्यावी लागते. एकाने भागलं नाही तर दोन वेगळ्या तऱ्हांची औषधं जोडीने देतात. हे सगळं पूर्ण मात्रेत आणि पूर्ण मुदतीत झालं असेल, तरच ‘औषध लागू पडलं नाही’ असं म्हणायचं.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट शोधतात. बद्धकोष्ठ करणारं एखादं औषध चालू तर नाही? लोहाच्या गोळ्या, रक्तदाबावरचं व्हेरापामिल, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. आणि अमिट्रिप्टिलिन. हे कित्येकदा पोटदुखीसाठीच दिलेलं असतं आणि तेच आतडं आणखी सुस्त करतं. थायरॉइड, रक्तातलं कॅल्शियम आणि साखर तपासून होते. कोलोनोस्कोपीने अडथळा नाही याची खात्री होते. कधी सीटी स्कॅनच्या अहवालात ‘मोठं आतडं नेहमीपेक्षा लांब आणि वेटोळ्यांचं’ असं लिहून येतं आणि घरच्यांना वाटतं, सापडलं कारण. लांब आतडं हे ऑपरेशनचं कारण नव्हे. बऱ्याच निरोगी माणसांचं आतडं तसंच असतं.

आता फिल्मकडे परत वळू. २१ रिंगा अडकल्यात, म्हणजे चाल मंद आहे हे नक्की. पण का मंद? इथे दोन शक्यता असतात. रस्त्यावर गाडीच चालत नाही, किंवा रस्ता ठीक आहे पण पुढचं फाटक बंद आहे, आणि त्यामुळे मागे रांग लागली आहे. रिंगा सगळ्या गुदाशयापाशी गोळा झाल्या असतील तर फाटकावर संशय घ्यायचा. विखुरलेल्या असतील तर रस्त्यावर. मात्र फाटक फार काळ बंद असलं तर रांग पार मागेपर्यंत पोचते, त्यामुळे नुसत्या फिल्मवर विसंबता येत नाही. तपासणीच्या दिवसांत रेचकं आणि एनिमा बंद ठेवलेले होते ना, हेही विचारावं लागतं, नाहीतर फिल्म काहीच सांगत नाही.

आपल्याकडे या तपासणीला एक वेगळी बाजू आहे. पाचव्या दिवसाचं माप पाश्चात्त्य लोकांवरून ठरलेलं. भारतीय माणसाचं आतडं सरासरीने त्याहून वेगाने चालतं. म्हणून लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत उदय घोषाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत बसवली. बारा-बारा तासांच्या अंतराने तीनदा प्रत्येकी २० खुणा गिळायच्या आणि ३६ व ६० तासांनी एक्स-रे काढायचे.

फाटकाची तपासणी दिसायला अगदी साधी आहे. गुदाशयात एक छोटा फुगा सरकवून त्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरतात. मग रुग्णाला आडोशाला कमोडवर बसवून सांगतात, हा बाहेर टाका. मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत तो पडायला हवा. आपल्या शिक्षिकेने पाच मिनिटं कुंथून पाहिलं, फुगा हलला नाही. जोडीला मॅनोमेट्री केली, म्हणजे बारीक नळीने गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजला. त्यात दिसलं, की ती जोर करते तेव्हा जे स्नायू सैल पडायला हवेत तेच ती आवळते. तिला याची कल्पनाही नसते. वर्षानुवर्षं कुंथून कुंथून शरीराला लागलेलं ते वळण असतं.

याच क्षणी जर कुणी तिचं मोठं आतडं काढलं, तर? फाटक बंदच राहील. घट्ट मलाऐवजी पातळ मल त्याच्यामागे साचेल, पोट फुगणं तसंच राहील आणि आतडं मात्र गेलेलं असेल. ऑपरेशननंतर ‘पुन्हा तेच सुरू झालं’ म्हणत येणाऱ्यांत असे रुग्ण असतात. तपासणी करून पाहण्याची सोय जिथे नाही, तिथे हे ऑपरेशन होता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा स्नायूंवर उपाय औषधाचा नाही, शिकवण्याचा आहे. त्याला बायोफीडबॅक म्हणतात. गुदद्वाराशी लावलेल्या सेन्सरमुळे स्नायूंची हालचाल समोरच्या पडद्यावर रेषेने दिसते. रेषा वर गेली म्हणजे आवळलं, खाली आली म्हणजे सोडलं. पोटाने जोर द्यायचा आणि खालचे स्नायू सोडायचे, हे ती पडदा पाहत शिकते. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे साधारण सहा बैठका. फाटकाचा दोष असलेल्या बहुतेक रुग्णांना याने आराम पडतो. आणि गंमत अशी, की अनेकांत नंतर रिंगांची तपासणी पुन्हा केली तर आतड्याची चालही सुधारलेली दिसते, कारण मुळात मागची रांगच होती ती. बऱ्याच जणींची गोष्ट इथेच, ऑपरेशनशिवाय, संपते.

आपली शिक्षिका यातून सुटली नाही असं धरू. बायोफीडबॅकनंतर फुगा चाळीस सेकंदांत बाहेर पडला, पण नव्या फिल्मवर १९ रिंगा, तशाच विखुरलेल्या. आता तिचा रस्ताच मंद आहे हे बऱ्यापैकी सिद्ध झालं. तिच्यासारखे किती उरतात? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या शल्यचिकित्सकांनी १९९७ मध्ये आपला हिशेब मांडला. जुनाट बद्धकोष्ठाच्या १००९ रुग्णांच्या तपासण्या केल्या, त्यातून ऑपरेशनपर्यंत पोचले ७४. त्या ७४ पैकी २२ जणांत मंद आतडं आणि फाटकाचा दोष असं दोन्ही होतं. हे सगळे रुग्णही त्रासाने गांजून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचलेले. रस्त्यावरच्या सर्वसाधारण बद्धकोष्ठाच्या माणसांत हे प्रमाण अगदी नगण्य असणार.

उरलेल्यांपुढे आणखी एक चाळणी असते. जठर आणि लहान आतडंही मंद नाही ना? दोन घास खाल्ले की पोट भरतं, वारंवार उलट्या होतात, वजन उतरतं, अशी लक्षणं असतील तर दोष सगळ्याच पचनमार्गाच्या हालचालीत असू शकतो. मग मोठं आतडं काढून काही साधत नाही. म्हणून जठर किती वेळात रिकामं होतं हे मोजतात. रुग्ण मुद्दाम कमी खाते का, याचीही चौकशी हळुवारपणे करावी लागते. उपाशी शरीराचं आतडं मंदावतं, आणि नीट जेवण सुरू झालं की बरंचसं सावरतं. तीव्र नैराश्य किंवा खाण्याचा मानसिक विकार असताना केलेल्या ऑपरेशनचे परिणाम वाईट येतात. ‘मला वेडी ठरवताय का?’ असं इथे रुग्ण विचारते, आणि तिचा राग समजण्यासारखा आहे. पण मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा नसतो.

शेवटी डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतो: ‘बाई, तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?’ उत्तर ‘दहा-दहा दिवस होत नाही’ असं असेल तर ऑपरेशनचा विचार करता येतो. ‘पोट दुखतं, फुगतं’ असं असेल तर थांबायचं. मोठं आतडं काढल्यावर शौचाची संख्या हमखास वाढते, पोटदुखी आणि फुगणं मात्र बऱ्याच जणांत मागे राहतं. हा फरक विसरल्याची किंमत वैद्यकाने एकदा मोजली आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलचे सर विल्यम आर्बथनॉट लेन हे नामांकित शल्यचिकित्सक. साचलेल्या मलातून विष रक्तात भिनतं आणि त्यातून थकव्यापासून निराशेपर्यंत सगळं होतं, असं ते मानत. १९०८ च्या सुमारास या समजापायी त्यांनी बद्धकोष्ठासाठी मोठी आतडी काढण्याचा सपाटा लावला. विषाची ती कल्पना पुढे निकालात निघाली आणि ऑपरेशन बदनाम झालं. ‘पोट साफ तर सगळं साफ’ हा समज आपल्याकडेही घट्ट आहे, म्हणून हे सांगितलं.

प्रत्यक्ष ऑपरेशन असं. मोठं आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढायचं आणि लहान आतड्याचं टोक गुदाशयाच्या वरच्या भागाला जोडायचं. अनेक ठिकाणी ते दुर्बिणीतून होतं. गुदाशय राखतात, त्यामुळे शौचाचा मार्ग नेहमीचाच राहतो, पिशवी लावावी लागत नाही. ‘अर्धंच काढा ना’ ही विनवणी नेहमीची. ते करून पाहिलं गेलंय. मंद दिसणारा तुकडाच काढला तर उरलेलं आतडं पुढे दगा देतं आणि बद्धकोष्ठ परत येतं.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरच्या दोन हजारांवर अशा रुग्णांचे निकाल एकत्र केले होते. शंभरातल्या ८५ च्या आसपास लोकांनी एकंदर समाधान सांगितलं. पण साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ऑपरेशनशी निगडित गुंतागुंत झाली आणि हजारात सुमारे चार दगावले. हजारात चार हा आकडा कर्करोगाच्या ऑपरेशनात कुणी सहज मान्य करील. इथे रुग्ण ३४ वर्षांची आहे आणि तिचा आजार जिवावरचा नाही.

शिवाय मधल्या वाटा आहेत, त्या आधी चालून पाहायच्या. एक उपाय म्हणजे गुदद्वारातून नळीने ठराविक वेळी पाणी सोडून खालचं आतडं धुणं. दुसरा, अपेंडिक्सचं टोक पोटावर आणून तिथून पाणी सोडायचं, म्हणजे वरून खाली धुतलं जातं. मॅलोन या शल्यचिकित्सकाने १९९० मध्ये मुलांसाठी ही युक्ती काढली. तिसरी वाट शंका दूर करायला: लहान आतड्याचा एक वेढा काही महिने पोटावर बाहेर आणून पिशवी लावायची. मल मोठ्या आतड्यात जातच नाही. त्या महिन्यांत पोट फुगणं आणि दुखणं थांबलं नाही, तर ते मोठ्या आतड्यामुळे नव्हतं हे कळतं आणि मोठं ऑपरेशन टळतं. हा वेढा पुन्हा आत घालता येतो. एकदा काढलेलं मोठं आतडं परत बसवता येत नाही.

ऑपरेशन झालंच, तर पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला आठ-दहा वेळा पातळ होतं. मोठं आतडं पाणी शोषायचं, ते आता नाही. लोपेरामाइडसारख्या गोळ्या, मीठ-साखरेचं पाणी, भात, केळं यांवर दिवस काढायचे. हळूहळू लहान आतडं थोडं शिकतं आणि बहुतेक जणींचं दिवसाला तीनच्या आसपास स्थिरावतं. शिक्षिकेच्या हिशेबाने सांगायचं, तर दोन तासांच्या मध्ये एकदा वर्ग सोडून जावं लागेल का, हा प्रश्न तिने आधीच विचारायला हवा. काहींना शौच धरून ठेवणं जड जातं, म्हणून गुदद्वाराचे स्नायू आधीच कमकुवत असतील, बाळंतपणात इजा झालेली असेल, तर ही शंका ऑपरेशनपूर्वीच मिटवावी लागते. दहापैकी एखाद-दुसरीला बद्धकोष्ठ परत गाठतं.

आणि एक सूचना घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवायची. या ऑपरेशननंतर पोटात चिकटाव होऊन लहान आतडं अडकण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो. कळा येऊन पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर ते जुनं बद्धकोष्ठ समजून रेचक द्यायचं नाही. खाणंपिणं थांबवून, आधीचे कागद घेऊन, जिथे शल्यचिकित्सक आहे अशा हॉस्पिटलात त्याच दिवशी न्यायचं.